मापदंड स्पर्धा

एका गावाखाली दोन कंपन्यांच्या जलवाहिन्या टाकणे परवडत नाही, म्हणून प्रत्येक प्रदेशात पाण्याचा पुरवठादार एकच असतो. दर नियामक ठरवतो. पण पाणी शुद्ध करून घरी पोचवायला खरोखर किती खर्च पुरेसा आहे, हे त्याला कळत नाही. हाती येतो तो कंपनीने दाखवलेला खर्च. तोच भरून द्यायचा म्हटले, तर काटकसर कोण करणार? अर्थशास्त्रज्ञ आंद्रेई श्लायफर यांनी १९८५ मध्ये यावर मापदंड स्पर्धेची तोड सुचवली: कंपनीचा दर तिच्या स्वतःच्या खर्चावरून न ठरवता तिच्यासारख्या इतर कंपन्यांच्या सरासरी खर्चावरून ठरवायचा.

समजा, चार कंपन्यांचा एका घनमीटरमागचा खर्च ४०, ४६, ४९ आणि ५५ पेन्स आहे. चौथीला दर मिळेल पहिल्या तिघींची सरासरी, म्हणजे ४५ पेन्स. तिला १० पेन्सांचा तोटा होईल. तिने खर्च ४३ वर आणला, तर तिचा दर ४५ च राहील आणि २ पेन्स तिच्या पदरात पडतील. त्याच वेळी पहिलीचा दर ५० वरून ४६ वर येईल. स्वतःचा आकडा स्वतःच्या सरासरीत न धरणे, ही यातली खरी कळ.

मात्र चौथीचा प्रदेश डोंगराळ असेल, तर पंपिंगचा खर्च तिच्या हातात नसतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये जलसेवांचे खासगीकरण १९८९ मध्ये झाले. तिथला नियामक ‘ऑफवॉट’ यासाठी सांख्यिकी प्रतिमान वापरतो. वाहिन्यांची लांबी, जोडण्यांची संख्या, वस्तीची घनता आणि शुद्धीकरणाची गुंतागुंत यांवरून प्रत्येक कंपनीचा अपेक्षित खर्च काढला जातो. प्रतिमानाने चौथीला ५१ पेन्स अपेक्षित धरले, तर तिच्या माथी येणारी तफावत ४ पेन्सच. तीही सगळी गैरकारभाराची नसते. प्रतिमानातून सुटलेले घटक आणि मोजणीतल्या चुकाही तिच्यातच दडलेल्या असतात. म्हणूनच कसोटी बहुधा सर्वांत स्वस्त कंपनीची न लावता वरच्या चतुर्थकाच्या, म्हणजे सर्वांत काटकसरी पाव हिश्शाच्या, सीमेवरची लावतात.

दुसरी अडचण हिशेबातल्या पळवाटांची. ऑफवॉट पूर्वी चालू खर्च आणि भांडवली खर्च वेगवेगळे तपासत असे. त्यामुळे दुरुस्तीऐवजी नवे बांधकाम करून चालू खर्च कमी दाखवणे कंपन्यांना सोयीचे पडे. २०१४ च्या दरआढाव्यापासून दोन्हींची बेरीज तपासली जाऊ लागली. देखभाल पुढे ढकलूनही काही वर्षे खर्च कमी दिसतो. म्हणून खर्चाच्या आकड्याशेजारी गळती आणि वाहिन्या फुटण्याचे प्रमाण पाहावेच लागते, नाहीतर आज काटकसरी ठरलेली कंपनी उद्याचे बिल फुगवत असते.

पद्धतीची मोठी अडचण म्हणजे तुलनेला कंपन्याच कमी पडणे. दोन कंपन्या एक झाल्या की एक मोजपट्टी हरवते. म्हणून तिथल्या कायद्यात जलकंपन्यांच्या विलीनीकरणाची वेगळी तपासणी आहे, आणि नियामकाच्या तुलनेला किती धक्का बसेल हे तीत पाहिले जाते. साउथ वेस्ट वॉटर विकत घेण्याचे सेव्हर्न ट्रेंट आणि वेसेक्स या दोघींचेही प्रयत्न १९९६ मध्ये सरकारने रोखले, त्यामागे मुख्यतः हेच कारण होते.