टेपचं यंत्र बाहेर राहतं, म्हणून

एका मध्यम बजेटच्या मराठी चित्रपटाचं शूटिंग संपलं की कॅमेऱ्यातून आलेलं फुटेज सहज ६० टेराबाइट भरू शकतं. एडिटिंग संपल्यावर त्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, पण ते पुसून टाकण्याची हिंमतही कुणाची होत नाही. अशा साठ्यासाठी मुंबईतले अनेक स्टुडिओ आजही चुंबकीय टेप वापरतात.

ही टेप म्हणजे एलटीओ कार्ट्रिज. तळहातावर मावणारी, साधारण २०० ग्रॅमची चौकोनी डबी. नवव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-९ च्या डबीत अर्धा इंच रुंदीची, एक किलोमीटरहून थोडी लांब टेप एकाच रिळावर गुंडाळलेली असते आणि तिच्यावर १८ टेराबाइट मावतात. वेष्टनावर ४५ लिहिलेलं असतं, तो आकडा दाबून लहान होऊ शकणाऱ्या डेटासाठी आहे. कॅमेऱ्याचं फुटेज बहुधा आधीच दाबलेलं असतं, त्यामुळे हिशेब १८ नेच करावा.

हार्ड डिस्कच्या बंद डब्यात तबकड्या, मोटर, वाचणारं हेड आणि सर्किट असं सगळं कोंबलेलं असतं. दर डिस्कमागे आपण ते सगळं पुन्हा विकत घेतो, आणि त्यातलं काहीही बिघडलं की डेटा आत अडकतो. टेपच्या डबीत फक्त रीळ आणि एक छोटी चिप. मोटर आणि हेड बाहेर, टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रात, म्हणजे ड्राइव्हमध्ये. टेप स्वस्त पडते ती यामुळे. शिवाय कपाटातली टेप वीज खात नाही आणि नेटवर्कवरून आलेला व्हायरस तिच्यापर्यंत पोचू शकत नाही.

आता हिशेब. भाव बदलत राहतात, म्हणून गोल आकडे धरू. कार्ट्रिज १०,००० रुपये, म्हणजे टेराबाइटला सुमारे ५५५. मोठी हार्ड डिस्क टेराबाइटला १,६५० रुपये. दर टेराबाइटमागे साधारण १,१०० रुपये वाचले. पण ड्राइव्हचे साडेचार लाख आधी मोजावे लागतात, आणि ते वसूल व्हायला ४०० हून जास्त टेराबाइट लिहावे लागतात. आपल्या चित्रपटाच्या दोन प्रती, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, म्हणजे १२० टेराबाइट. प्रत्येक प्रतीला चार कार्ट्रिज, एकूण आठ. चौथ्या चित्रपटाला ड्राइव्हचे पैसे सुटतात. एकच चित्रपट असेल तर ड्राइव्ह घेऊ नये, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून लिहून घ्यावं.

यंत्र बाहेर ठेवल्याची किंमत मात्र हवेत मोजावी लागते. एलटीओ-९ च्या टेपवर ८,९६० ट्रॅक असतात, एकेक ट्रॅक दीड मायक्रॉनहूनही अरुंद. दमट हवेत टेपचं प्लास्टिक रुंदीत किंचित फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. एवढ्याशा फरकानेही हेडखालचा ट्रॅक सरकू शकतो. म्हणूनच कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिचं माप घेत बसतो. कधी पाऊण तास, कधी दोन तास. नवख्या माणसाला वाटतं मशीन अडकलं. ते बंद करू नये. आणि हे माप टेप खोलीच्या हवेत मुरल्यावरच घेऊ द्यावं. बाहेरून आलेलं कार्ट्रिज निदान एक दिवस त्याच खोलीत ठेवावं, पावसाळ्यात तर नक्कीच.

दीर्घकाळ ठेवायची जागा १६ ते २५ अंशांची आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेची हवी. जुलैत मुंबईची हवा ८० च्या वर असते. रात्री एसी बंद करून सकाळी लावणाऱ्या ऑफिसात टेप रोज फुगते आणि आकसते. माझ्या मते स्थिर हवेची छोटी खोली महागड्या कपाटापेक्षा मोलाची. तिथे आर्द्रता दाखवणारं साधं मीटर लावावं आणि रोज बघावं.

कार्ट्रिज उभं ठेवावं. पडलं तर थेट ड्राइव्हमध्ये घालू नये. बाजूचं छोटं दार बोटाने सरकवून बघावं: टेपच्या टोकाला एक धातूची पिन असते, ती दोन्ही बाजूंच्या खाचांत सरळ बसलेली दिसली पाहिजे. पिन तिरकी असली की ड्राइव्हला टेप ओढता येत नाही, आणि जोर लागला तर ड्राइव्हही बिघडतो. डबी हलवून काही खुळखुळलं तरी तेच समजावं. अशा वेळी दुसरी प्रत काढावी.

पूर्ण १८ टेराबाइट लिहायला सेकंदाला ४०० मेगाबाइट वेगाने साडेबारा तास लागतात. संगणक त्या वेगाने डेटा पुरवू शकला नाही, तर टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते, आणि या घासाघाशीत टेप आणि हेड दोन्ही झिजतात. ड्राइव्ह आपला वेग काही प्रमाणात कमी करून घेतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यामुळे फुटेज आधी वेगवान डिस्कवर आणून मग टेपवर लिहावं. लिहून झालं की सगळं परत वाचून चेकसम, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, मूळ फाइलशी जुळवावा. म्हणजे एका कार्ट्रिजला जवळजवळ २५ तास धरावेत.

कंपन्या टेपचं आयुष्य ३० वर्षं सांगतात. पण एलटीओ-९ चा ड्राइव्ह फक्त आठवी आणि नववी पिढी वाचतो, सातवी नाही. दहाव्या पिढीचा ड्राइव्ह तर नववीसुद्धा वाचत नाही. म्हणून आमच्या यादीत प्रत्येक कार्ट्रिजपुढे तीन गोष्टी असतात: पिढी, लिहिल्याची तारीख, आणि ती वाचणारा चालू ड्राइव्ह कुठे आहे. तिसरा रकाना रिकामा होण्याआधी ते फुटेज नव्या टेपवर उतरवायला घ्यायचं.