मरणारे वस्ताद आणि कटकटी आई: ठरावीक पात्रांमागचा इतिहास

सांगली परिसरातल्या नाट्यलेखनात दोन पात्रे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा भेटतात. पहिले पात्र तालमीतल्या वृद्ध वस्तादाचे. तो खोकतो, नायकाला दोन मोलाच्या गोष्टी सांगतो आणि शेवटच्या कुस्तीच्या आधी प्राण सोडतो. दुसरे पात्र आईचे. ती स्वयंपाकघरातून सतत काहीतरी बोलत असते आणि नायक तिचे बोलणे कानाआड करून घराबाहेर पडतो. दोघेही नायकासाठीच जगतात आणि त्याला त्यांचा उपयोग उरला नाही की रंगमंचावरून नाहीसे होतात. ही पात्रे टाळण्याचा आज सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय म्हणजे त्यांना स्वतःचे, नायकाशी वाटून न घेतलेले उद्दिष्ट देणे. हा उपाय कोठून आला आणि तो कोठे फसतो, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मरणाच्या दारात उपदेश करणारा गुरू आपल्या मनात बहुधा शरपंजरी पडलेल्या भीष्मांवरून ठसला असावा. परंतु त्याच महाभारतात द्रोणाचार्य आहेत, आणि गुरूला स्वतःचे उद्दिष्ट दिले की काय घडते, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. बालमित्र द्रुपदाने केलेला अपमान त्यांच्या मनात सलत असतो. मुलाला दूध मिळत नाही म्हणून इतर मुले त्याला पाण्यात कालवलेले पीठ दूध म्हणून पाजतात, ही आठवणही त्यांच्यापाशी असते. शिष्यांना पाणी आणायला पाठवताना ते अश्वत्थाम्याला रुंद तोंडाचे भांडे देतात आणि इतरांना अरुंद तोंडाचे कमंडलू देतात, कारण मुलगा आधी परतला की तेवढ्या वेळात त्याला एखादी जास्तीची विद्या शिकवता येते. ही युक्ती अर्जुनाच्या लक्षात येते आणि तो वारुणास्त्राने आपला कमंडलू भरून वेळेत परततो. गुरुदक्षिणा म्हणून द्रोण द्रुपदालाच पकडून आणायला सांगतात आणि त्याचे अर्धे राज्य ठेवून घेतात. त्यांचा मृत्यूही शिष्याला मार्ग मोकळा करून देण्यासाठी येत नाही. मुलगा मेल्याची बातमी खरी मानल्यामुळे त्यांच्या हातातले शस्त्र गळते. त्यांची सर्वांत खाजगी इच्छाच त्यांच्या मृत्यूचे कारण ठरते.

पाश्चात्त्य कथापरंपरेत गुरूचे पात्र सपाट होत गेल्याची नोंद अधिक नेमकी सापडते. ‘मेंटॉर’ हे होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात नायक ओडिसियसच्या एका वृद्ध मित्राचे नाव आहे. तेथे तो स्वतः फारसे काही करत नाही. त्याचे रूप घेऊन अथेना देवीच ओडिसियसच्या मुलाला, राजपुत्र टेलेमॅकसला, मार्ग दाखवते. 1699 साली फ्रेंच लेखक फेनेलों याने याच राजपुत्रावर कादंबरी लिहिली आणि तीत मेंटॉरला सतत शिकवण देणारा सोबती केले. त्यानंतर हे नाव मार्गदर्शकाचे सामान्यनाम झाले. 1928 मध्ये रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी परीकथांची रचना मांडताना नायकाला साधन देणाऱ्या पात्राला ‘दाता’ म्हटले आणि त्याची व्याख्या केवळ त्याच्या कामावरून केली. परीकथेपुरती ती व्याख्या बरोबरच होती. पुढे 1949 मध्ये जोसेफ कॅम्पबेल यांनी नायकाच्या प्रवासाचा आराखडा मांडला आणि 1985 मध्ये ख्रिस्तोफर व्होग्लर यांनी हॉलिवूडसाठी त्याचे सात पानी टिपण तयार केले. त्यामुळे विश्लेषणाचे हे साधन लेखनाच्या पाककृतीसारखे वापरले जाऊ लागले. नायकाच्या बाजूने पाहिले तर गुरू अखेर वाटेतला एक थांबा ठरतो, आणि तो मागे सोडण्याची सर्वांत सोपी तऱ्हा म्हणजे त्याला मारून टाकणे.

आपल्याकडे ठरावीक पात्रे तयार होण्यामागे वेगळे कारण होते, आणि ते सांगलीतच पाहायला मिळते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे नाटक रचायला सांगितले आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आले. या नाटकांत कथा पुढे नेणारी पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे आपापली भाषणे बरीचशी स्वतःच रचून बोलत. संवाद लिहिलेले नसताना नटाने काय बोलावे, हे त्याच्या पात्राच्या जातीवरून, म्हणजे ठरावीक प्रकारावरून, ठरणे अपरिहार्य होते. राजाने राजासारखे, राक्षसाने आरडाओरडा करत आणि विदूषकाने मध्येच लुडबुडत बोलायचे असे. पुढे नटांची ओळखही राजापार्टी, स्त्रीपार्टी अशा नावांनी होऊ लागली. या व्यवस्थेला मी आळस म्हणणार नाही. संहितेशिवाय रात्रभर नाटक उभे करण्याची ती व्यवहार्य रीत होती. अडचण अशी की 1861 पासून बुकिश नाटके, म्हणजे संवाद आधी लिहून काढलेली नाटके, येऊ लागली तरी पात्रांच्या जाती मागे राहिल्या. गरज संपली आणि सवय तेवढी उरली.

या सवयीला आतून तडा देणारा लेखकही याच भागातला होता. कृष्णा-वारणा संगमावरच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल नट होते, तालीम देणारे होते आणि ‘झुंजारराव’च्या रूपाने ‘ऑथेल्लो’ त्यांनी मराठीत आणले होते. 1899 च्या ‘शारदा’ नाटकात त्यांनी पात्रांची नावे जुन्या रीतीने, जातीवरून ठेवली: पैशाला हपापलेल्या बापाचे नाव कांचनभट आणि म्हाताऱ्या वराचे भुजंगनाथ. परंतु ती पात्रे नावाबरहुकूम वागून थांबत नाहीत. शारदेच्या लग्नात बापाला पैसा हवा आहे, पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला बायको हवी आहे आणि जुळवाजुळव करणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताला आपला फायदा साधायचा आहे. तिघांची हाव एकाच लग्नाभोवती असली तरी प्रत्येकाची वेगळी आहे, म्हणून ते एकमेकांनाही फसवू शकतात. शारदेची कोंडी या तीन वेगळ्या इच्छांनी घट्ट होते. एकाच दुष्टाने ती तशी झाली नसती.

या तंत्राला नाव आणि पद्धत मिळाली ती नटांच्या तालमीत. 1898 मध्ये स्थापन झालेल्या मॉस्को आर्ट थिएटरचे कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की नटाला प्रत्येक प्रसंगात ‘आत्ता तुला काय साधायचे आहे?’ असा प्रश्न घालून घेण्यास शिकवत आणि त्याला ‘कामगिरी’ या अर्थाचा रशियन शब्द वापरत. हे उत्तर क्रियापदात यावे, असा त्यांचा आग्रह असे. ‘मी दुःखी आहे’ हे चालत नसे. ‘मला याला जाण्यापासून थांबवायचे आहे’ हे चालत असे. त्यांचे पुस्तक 1936 मध्ये इंग्रजीत आले तेव्हा त्या शब्दाचे ‘उद्दिष्ट’ झाले आणि नटाचे हे साधन पुढे लेखकांच्या हाती पडले. त्यामुळे गडबडही झाली. नट छोट्या भूमिकेचे उद्दिष्ट स्वतःपुरते मनात ठेवून काम करू शकतो, पण लेखकाला ते घटनेत उतरवावे लागते. अन्यथा प्रेक्षकापर्यंत ते पोहोचत नाही.

एक मसुदा घेऊन हे तपासून पाहू. तासगाव तालुक्यातले एक गाव आहे, बावीस वर्षांचा मल्ल आहे, त्याला पुण्याच्या कुस्ती केंद्रात जायचे आहे. आई विधवा आहे आणि दिवसभर ‘लवकर घरी ये’ म्हणून मागे लागते. नवख्या लेखकाला सुचणारी पहिली दुरुस्ती अशी: आईने मुलाच्या खुराकासाठी गुपचूप कर्ज काढले आहे आणि ती चिंतेने बोलते. हे उद्दिष्ट खाजगी वाटले तरी तसे नाही, कारण त्याच्या मध्यभागी मुलगाच आहे. कटकटी आई गेली आणि तिच्या जागी तितकीच ठरावीक त्यागमूर्ती आई आली.

आता दुसरी दुरुस्ती पाहू. नवरा जाऊन तीन वर्षे झाली, वारसनोंद झालेली नाही आणि जमीन दीर कसतो. आईला विहिरीजवळची वीस गुंठे जमीन स्वतःच्या ताब्यात घेऊन तिथे हळद लावायची आहे. तलाठ्याकडे अर्ज द्यायला ती एकटीही जाऊ शकते, पण दीर हरकत घेईल तेव्हा मुलगा शेजारी उभा असावा, एवढेच तिला हवे आहे. कारण मात्र ती सांगत नाही. मुलाच्या दुधा-बदामाचे पैसे दीर देतो, आणि हे कळले तर मुलगा खुराकाची बाजू घेईल अशी तिला भीती आहे. आता ‘आज तरी लवकर ये’ हे वाक्य जसेच्या तसे राहते. नायकाला ती कटकटच वाटते, पण प्रेक्षकाने तिला बांधाच्या पलीकडे हळदीच्या बियाण्याचा भाव विचारताना पाहिलेले असते. शिवाय तिचा विजय नायकाला महागात पडणार आहे.

वस्तादांचेही तसेच. त्यांच्या मुलाला आखाड्याच्या जागी दुकानांचे गाळे काढायचे आहेत, म्हणून माती राखणारा वारस गावातच राहावा असे वस्तादांना वाटते. ‘अजून तुझी मांडी तयार नाही’ हा त्यांचा सल्ला खराही आहे आणि सोयीचाही. पुण्याहून फोन येतो तेव्हा ते पोरगा दुखावलाय असे सांगून टाकतात आणि मल्लाचे एक वर्ष जाते. उपदेश आणि स्वार्थ एकाच वाक्यात बसले की ते वाक्य पुन्हा ऐकावेसे वाटते.

हे जमले की नाही, हे ओळखण्यासाठी मी एक गोष्ट करतो. त्या पात्राचे प्रवेश तेवढे बाजूला काढून क्रमाने वाचतो आणि नायक आजारी पडला असता तर या माणसाला उद्या सकाळी काही काम उरले असते का, हे पाहतो. बहुतेक मसुदे येथेच अडखळतात. आईची सगळी इच्छा शेवटच्या स्वगतात सांगितलेली असते आणि त्याआधीच्या एकाही प्रवेशात तिने त्यासाठी पाऊल उचललेले नसते. असे स्वगत काढून टाकले तरी नाटकात काही बदलत नाही. न बदलणे हीच उद्दिष्ट नुसते चिकटवल्याची खूण असते.

या उपायाला मर्यादाही आहेत. पाऊण-एक तासाच्या एकांकिकेत नायकाखेरीज दोनांपेक्षा जास्त उद्दिष्टे मावत नाहीत. पोस्टमनला पत्र देऊन जाऊ द्यावे. तमाशातल्या गवळणीतली मावशी किंवा वगातला सोंगाड्या यांना खाजगी ध्येय देऊ नये, कारण तेथे प्रेक्षक त्या जातीचीच वाट पाहत असतो आणि हजरजबाबी नट तीच जात प्रत्येक खेळात नव्याने घडवतो. भावे यांच्या नटांची रीत तेथे अजून जिवंत आहे.

मसुद्यातला वस्तादांचा शेवटचा प्रवेश मात्र बदलावा लागतो. जुन्या मसुद्यात ते लंगोट हातात देऊन डोळे मिटत होते. नव्या मसुद्यात मल्ल पुण्याला निघाल्याचे सांगायला येतो तेव्हा ते आखाड्याच्या कडेला बसून मातीत हळद, ताक आणि तेल कालवत असतात. फोनवर काय बोललो ते ते कबूल करत नाहीत. पोत्यातली हळद संपत आली आहे, बाजारातून उधारीवर आणखी एक पोते टाकून जा, एवढे सांगतात आणि फावडे त्याच्याकडे सरकवतात. बाहेर आई तलाठ्याकडे निघण्यासाठी पिशवी घेऊन उभी असते.