द्राक्षाचं पान पिवळं पडलं : डाऊनी की मॅग्नेशियम?

ऑक्टोबर छाटणीला महिना-दीड महिना झाला की पिवळी पानं घेऊन बरेच बागायतदार दुकानात येतात. औषध मागण्याआधी पान नीट बघा. मॅग्नेशियमची कमतरता असेल तर बुरशीनाशकाचा खर्च वाया जातो. उलट डाऊनी असताना नुसतं मॅग्नेशियम मारत बसलात, तर घड हातचे जातात.

मॅग्नेशियम कमी पडलं की वेल ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते. म्हणून पिवळेपणा काडीच्या बुडाकडच्या पानांवर आधी दिसतो. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग कडेकडून आत पिवळा होत येतो. पानाची डावी-उजवी बाजू साधारण सारखीच दिसते, आणि शेजारच्या वेलींवरही बुडाचीच पानं तशी असतात.

डाऊनीला असा हिशोब नसतो. एका पानावर चार डाग, तर शेजारचं पान स्वच्छ. कोवळ्या पानावर डाग गोलसर, फिकट पिवळा आणि तेल सांडल्यासारखा असतो. पान उजेडासमोर धरलं की तो चटकन दिसतो. दव किंवा पाऊस पडला असेल तर सकाळी लवकर पान उलटून बघा, डागाच्या बरोबर मागे पांढरी बुरशी दिसेल. पुढे मधला भाग तपकिरी होऊन वाळतो.

फसगत होते ती जुन्या पानांवर. तिथे डाऊनीचे डागही बारीक शिरांच्या चौकटीत अडकून कोनाकार होतात. अशा वेळी घरीच तपासा. संशयित पानं ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि रात्रभर घरात अंधाऱ्या जागी ठेवा. सकाळी डागामागे पांढरी लव आली, तर डाऊनी नक्की. लव आली नाही म्हणून मात्र डाऊनी नाहीच असं समजू नका. डाग पूर्ण वाळलेला असेल किंवा नुकतंच आंतरप्रवाही बुरशीनाशक मारलेलं असेल, तर बुरशी बाहेर येत नाही. म्हणून ताजे, पिवळे डागच निवडा.

मॅग्नेशियमच असेल, तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 3 ते 5 ग्रॅम फवारा. करपलेला भाग परत हिरवा होत नाही, त्यामुळे फरक बघायचा तो वरच्या पानांवर. पालाश जास्त झालं की मुळांना मॅग्नेशियम उचलता येत नाही. हे आम्हाला फार वेळा दिसतं, कारण घड फुगवायला पोटॅश सढळ हाताने सोडलं जातं. तेव्हा दरवर्षी हेच होत असेल, तर फवारणीआधी देठ परीक्षण करून घ्या.

दुकानात येताना एक सुटं पान आणू नका. बुडापासून शेंड्यापर्यंत अख्खी काडी आणा, आणि शेवटच्या फवारणीचं औषध व तारीख लिहून आणा.