इंटर्नशिपच्या अर्जांची शीट: तारखा कशा लिहायच्या, आणि दुरुस्तीचे पैसे आम्ही का घेतो

जानेवारी उजाडला की आमच्या काउंटरवर रोज दोन-तीन जण लॅपटॉप उघडून उभे राहतात. प्रश्न ठरलेला: "काका, शीट चुकीची दाखवतेय." शीट कधीच चुकीची दाखवत नसते. तिला जे कळलं ते ती दाखवते. तिला काय कळलं, हे मात्र आपण बघत नाही. रोज तेच समजावून घसा बसतो, म्हणून हे पत्रक.

बायोडाटाचं काम आमच्याकडून करून घेतलं की अर्जांचा हिशोब ठेवायची कोरी गूगल शीट आम्ही सोबत देतो, तिचे वेगळे पैसे नाहीत. तिचे रकाने असे आहेत: A संस्था, B काम, C जाहिरातीचा दुवा, D शेवटची तारीख, E स्थिती, F शेवटचा संपर्क, G पुढची विचारणा, H संपर्क व्यक्ती, I नोंद. एका अर्जाला एक ओळ. एकाच कंपनीत दोन विभागांत अर्ज केला तर दोन ओळी, कारण एकाचा नकार आला म्हणजे दुसऱ्याचाही आला असं नाही.

शीटचा दुवा उघडल्यावर तिच्यात लिहिता येत नाही, अशी तक्रार असते. ते मुद्दाम आहे. File → Make a copy करा आणि आपली प्रत आपल्या खात्यात ठेवा. लिहिण्याची परवानगी मागणारे मेल आम्ही मंजूर करत नाही. एकदा केले होते, तेव्हा चार मुलांचे अर्ज एकाच शीटमध्ये एकमेकांवर चढले आणि कोणाचा कोणता हे आम्हालाही सांगता येईना.

आता मुख्य दुखणं, तारखा. ज्यांनी आमची प्रत न घेता घरी नवी शीट उघडली, त्यांनी हे जरूर वाचावं. आपण दिवस आधी आणि महिना नंतर लिहितो. शीटचा देश अमेरिका ठेवलेला असेल, आणि बऱ्याच खात्यांत तो तसाच असतो, तर ती महिना आधी वाचते. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीची शीट २७ जानेवारीला आमच्याकडे आली. २३ ओळी होत्या. त्यातल्या चारच बघू.

पहिलीत शेवटची तारीख ५ फेब्रुवारी. तिने लिहिलं 05/02/2026. शीटने वाचलं २ मे. खरे दिवस उरले होते ९, शेजारच्या रकान्यात आकडा आला ९५. दुसरीत १२ फेब्रुवारीची 12/02/2026 झाली २ डिसेंबर, म्हणजे ३०९ दिवस शिल्लक. तिसरीत १५ फेब्रुवारी. पंधरावा महिना नसतोच, म्हणून शीटने ती तारीख मानलीच नाही, नुसती अक्षरं म्हणून ठेवली. दिवस मोजायच्या जागी #VALUE! आलं, आणि तारखेप्रमाणे क्रम लावला तेव्हा ती ओळ तळाला गेली. चौथीत होती २ फेब्रुवारी. 02/02/2026 उलटं वाचलं तरी तेच! ती बरोबर आली आणि सगळ्या वरही आली. ती पाहून "शीट चालतेय" असा तिचा समज झाला. बिचारीची चूक काहीच नव्हती. आपल्याकडे जशी तारीख लिहितात तशीच तिने लिहिली होती.

यातली तिसरी चूक सोपी, कारण ती डोळ्यांना दिसते. खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते, अक्षरं डावीकडे. मधोमध आणायचं बटण दाबून ठेवलं असेल तर मात्र हा फरक दिसत नाही, म्हणून तारखांच्या रकान्यात ते दाबू नका. किती तारखा अक्षरं होऊन पडल्यात हे मोजायचं असेल तर D सोडून दुसऱ्या कुठल्याही रकान्यातल्या रिकाम्या खान्यात हे लिहा, उत्तर शून्य यायला हवं:

```
=COUNTA(D2:D)-COUNT(D2:D)
```

पहिली आणि दुसरी चूक घातक आहे. तिथे शीट कुरकुर करत नाही. दिवस १ ते १२ मधला असेल तर तारीख गुपचूप उलटते आणि उजवीकडे शहाण्यासारखी बसून राहते. वरचं सूत्रही तिला पकडत नाही, कारण ती तारीखच असते, फक्त तुमची नसते.

म्हणून एकही तारीख लिहिण्याआधी दोन गोष्टी करा. File → Settings मध्ये Locale India करा. मग D आणि F हे रकाने निवडून Format → Number → Custom date and time मध्ये महिना नावाने दिसेल असा नमुना घ्या, 05-Feb-2026 असा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. महिना नावाने दिसत असेल तर उलटलेली तारीख एंटर मारताक्षणी 02-May-2026 अशी समोर येते आणि तिथल्या तिथे कळतं. आकड्यांत दिसत असेल तर पुढे कधीच कळत नाही. त्याच Settings मध्ये Time zone पण बघून घ्या. तिथे लॉस एंजेलिस असेल तर शीटचा "आज" आपल्या दुपारी साडेबारापर्यंत, हिवाळ्यात दीडपर्यंत, कालच असतो. म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळी शीट सांगते, अजून एक दिवस आहे.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक्सेल वापरत असाल तर तिथे शीटचं नाही, त्या संगणकाच्या विंडोजमधल्या देशाचं चालतं. तेव्हा घरी बरोबर वाचली गेलेली तारीख लॅबमध्ये नव्याने टाइप केली तर उलटू शकते.

"Locale बदललं, तरी तारखा दुरुस्त झाल्या नाहीत," हा पुढचा प्रश्न. होणारही नाहीत. २ मे म्हणून साठवलेली तारीख देश बदलल्यावर 02/05/2026 अशी दिसेल, पण राहील २ मेच. उलटलेली तारीख सुलटी करायला हे सूत्र आहे:

```
=DATE(YEAR(D2),DAY(D2),MONTH(D2))
```

पण ते सरसकट सगळ्या ओळींना लावू नका. त्या विद्यार्थिनीने काही तारखा दिनदर्शिकेवर टिचकी मारून निवडल्या होत्या, त्या बरोबर होत्या. सूत्र लावलं असतं तर त्या उलटल्या असत्या. कोणती टाइप केलेली आणि कोणती निवडलेली, हे शीटकडे बघून कोणालाच सांगता येत नाही, आम्हालाही नाही. एकेक जाहिरात उघडून ताडून पाहावी लागते. तिच्या २३ ओळींना पाऊण तास लागला, कारण सहा जाहिरातींचे दुवे तोवर बंद झाले होते. दुरुस्तीचे पैसे आम्ही घेतो ते या पाऊण तासाचे. "दोन बटणं दाबायची तर असतात" असं म्हणणाऱ्यांनी ती दोन बटणं आधी दाबावीत, आम्हाला आनंदच आहे. आणि जाहिरात सापडली की तिची पीडीएफ करून ठेवा. मुदत संपली की पुष्कळ संस्था पान काढून टाकतात, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री नेमकं काम काय होतं ते आठवत नाही.

शेवटच्या तारखेबद्दल आणखी एक. जिथे प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं, उदाहरणार्थ विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप, तिथे D मध्ये छापील तारीख ठेवा, पण सरांना पत्र मागायची तारीख नोंदीत न लिहिता, एका अर्जाला एक ओळ हा नियम तेवढ्यापुरता सोडून, त्याच अर्जाची वेगळी ओळ करून लिहा. नोंदीतली तारीख क्रमात वर येत नाही. छापील तारखेच्या किमान दोन आठवडे आधीची धरा. सरांना परीक्षेचे पेपर तपासायचे असतात, तुमचं पत्र त्या गठ्ठ्याखाली असतं.

विचारणेच्या तारखेचं सूत्र आमच्या शीटमध्ये G रकान्यात आधीच आहे:

```
=IF(OR(F2="",E2="नकार",E2="निवड"),"",WORKDAY.INTL(F2,7,11))
```

म्हणजे शेवटच्या संपर्कापासून सात कामाचे दिवस. 11 चा अर्थ सुट्टी फक्त रविवारी. शनिवारही बंद असलेल्या कंपनीला मेल करणार असाल तर त्या ओळीत 11 च्या जागी 1 करा. 11 तसाच ठेवला आणि २८ जानेवारी २०२६ ला मेल पाठवला असेल तर तारीख येते ५ फेब्रुवारी. मधल्या सणवारांच्या सुट्ट्या त्याला कळत नाहीत, तेवढं तुम्ही बघा.

F मध्ये "अर्ज पाठवल्याची" नाही, "शेवटच्या संपर्काची" तारीख आहे, हे बरेच जण विसरतात. आठवणीचा मेल पाठवला की F मध्ये त्या दिवशीची तारीख घाला, पुढची विचारणा आपोआप सरकते. ती बदलली नाही तर शीट रोज त्याच कंपनीकडे बोट दाखवते, मग तुम्ही शीटकडेच बघणं सोडता. दोन आठवणींनंतर आम्ही तर थांबायला सांगतो. स्थिती "उत्तर नाही" करा आणि F रिकामा करा.

हे सात दिवस थेट माणसाला केलेल्या मेलसाठी. संस्थेच्या संकेतस्थळावर फॉर्म भरला असेल तर मुदत संपेपर्यंत बहुतेक कोणी अर्ज उघडतच नाही. तिथे पाठवल्यापासून नाही, शेवटच्या तारखेपासून दिवस मोजा. F मध्ये D ची तारीख घातली की झालं.

स्थिती टाइप करू नका, यादीतून निवडा. "नकार" च्या पुढे एक मोकळी जागा पडली तरी वरच्या सूत्राला तो नकार वाटत नाही. संपर्काच्या रकान्यात फोन लिहायचा असेल तर तो रकाना आधी Plain text करा, नाहीतर लँडलाइनच्या सुरुवातीचा शून्य उडतो. आणि क्रम लावताना एकटा D रकाना निवडून Sort range करू नका. तारखा हलतात, कंपन्या जागच्या जागी राहतात, आणि ते निस्तरणं आमच्याही हाताबाहेरचं आहे. तेव्हा File → Version history हाच आधार.

दुरुस्तीसाठी येताना शीट ज्या खात्यात आहे त्याचा पासवर्ड लक्षात असू द्या आणि जाहिरातींच्या पीडीएफ पेन ड्राइव्हवर आणा. २५ ओळींपर्यंत १५० रुपये. पीडीएफ सोबत असतील तर १०० रुपये, कारण निम्मा वेळ वाचतो. बायोडाटा आमच्याकडे केलेल्यांना पहिली दुरुस्ती मोफत आहे. शनिवारी संध्याकाळी प्रिंटची गर्दी असते, त्या वेळी शीट घेऊन येऊ नका.