चिंचेतले दोन ‘च’: अक्षर आणि स्वनिम वेगळे कसे पडले

‘चिंच’ हा शब्द एकदा सावकाश म्हणा. पहिल्या ‘च’ला जिभेचा पुढचा भाग वर टाळूकडे जातो, दुसऱ्या ‘च’ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं आणि किंचित ‘त्स’सारखं ऐकू येतं. आता ‘चिंचेचा कोळ’ म्हणा. ‘चिं’ टाळूचा, ‘चे’ टाळूचा आणि ‘चा’ दातांचा. कागदावर तीनही ठिकाणी अक्षर तेच. मराठीच्या शिक्षकांनी टाळूच्या ‘च’ला तालव्य आणि दातांच्या ‘च’ला दंततालव्य अशी नावं दिली आहेत. सातारच्या कॉलेजात भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलाला हे ऐकून धक्का बसतो, कारण मराठी ‘जशी बोलतो तशी लिहितो’ हे त्याने शाळेपासून ऐकलेलं असतं.

या गोंधळाचं मूळ शाळेच्या व्याकरणातच आहे. तिथे ‘वर्ण म्हणजे तोंडावाटे निघणारे मूलध्वनी’ अशी व्याख्या पाठ करून घेतात आणि पुढच्याच पानावर वर्णमाला म्हणून अक्षरांचा तक्ता देतात. ध्वनी आणि त्याचं चिन्ह एकाच शब्दात कोंबल्यावर मुलाने ते वेगळे कसे करायचे? शिवाय प्रश्न नुसता ध्वनी आणि अक्षर एवढाच नाही. मधे तिसरी एक गोष्ट आहे, स्वनिम. तोंडातून प्रत्यक्ष निघतो तो स्वन. भाषा बोलणारे ज्या भेदावर शब्द वेगळे ओळखतात, तो स्वनिम. लिहितो ते अक्षर. या तीन गोष्टी हळूहळू सुट्या होत गेल्या, त्याची हकीकत थोडी मागून सांगावी लागेल.

ऋग्वेदाची सुरुवातच ‘अग्निमीळे पुरोहितं’ अशी आहे. वाईसारख्या गावात वेदपठण कानावर पडलं असेल तर हा ‘ळ’ ऐकला असेल. लगेच दुसऱ्या ऋचेत मात्र त्याच धातूपासून आलेला ‘ईड्यः’ हा शब्द येतो आणि तिथे ‘ड’ आहे. ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या ऋक्प्रातिशाख्य या जुन्या ग्रंथात याचा नियम दिलेला आहे: दोन स्वरांच्या मध्ये ‘ड’ आला की त्याचा ‘ळ’ होतो. ‘ईळे’मध्ये दोन्ही बाजूंना स्वर आहेत म्हणून ‘ळ’, ‘ईड्यः’मध्ये पुढे ‘य’ आहे म्हणून ‘ड’च राहिला. म्हणजे हा ‘ळ’ स्वतंत्र नाही, तो जागेमुळे बदललेला ‘ड’ आहे. आजच्या भाषेत त्याला स्वनांतर म्हणतात. पाणिनीच्या शिवसूत्रांत, म्हणजे संस्कृत वर्णांच्या त्याच्या यादीत, ‘ळ’ नाहीच. मराठीत मात्र ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘कल’ आणि ‘कळ’ हे वेगळे शब्द आहेत, तेव्हा इथे ‘ळ’ पक्का स्वनिम. एकच ध्वनी एका भाषेत निव्वळ जागेचा परिणाम असतो आणि दुसरीत अर्थ फिरवतो. स्वन नुसता कानाने ऐकून स्वनिम ठरत नाही, तो ठरतो त्या त्या भाषेत.

आपल्याकडे निरीक्षण इतकं जुनं असलं, तरी स्वनिम ही कल्पना आजच्या अर्थाने उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, रशियातल्या कझान विद्यापीठात. ‘फोनीम’ हा शब्द फ्रेंचमध्ये 1873 साली वापरात आला होता, पण तेव्हा त्याचा अर्थ फक्त ‘बोलण्यातला ध्वनी’ एवढाच होता. कझानला शिकवणारे पोलिश भाषाशास्त्रज्ञ बोदुएँ द कुर्तने आणि त्यांचा शिष्य क्रुशेव्हस्की यांनी त्याला नवा अर्थ दिला. त्यांच्यापुढची अडचण अशी, की एकाच शब्दाच्या रूपांत ध्वनी बदलतात, तरी बोलणाऱ्याला तो ‘तोच’ वाटत राहतो. मग बोलणाऱ्याच्या मनात जो एकच ध्वनी असतो तो कोणता? पुढे प्राग गटाच्या त्रुबेत्स्कॉय यांनी मनाचा भाग बाजूला ठेवला आणि कसोटी अर्थावर नेली. त्यांचं मुख्य पुस्तक त्यांच्या निधनानंतर, 1939 साली निघालं. ध्वनी बदलला आणि शब्द बदलला तर दोन स्वनिम, नाही तर एक. वर्गात ‘लघुतम जोडी’ म्हणून शिकवतात ती कसोटी हीच.

आता आपल्या ‘च’कडे. संस्कृतात ‘च’ एकच होता, तालव्य. प्राकृतातून मराठी होताना अ, आ, उ, ओ यांच्या आधीचा ‘च’ पुढे सरकून दातांकडे आला. इ, ई, ए आणि य यांच्या आधीचा मात्र टाळूपाशीच राहिला, कारण हे ध्वनी स्वतःच जिभेला टाळूकडे ओढतात. ‘ज’ आणि ‘झ’ यांचंही तसंच झालं. तेलुगूतही जवळपास हीच वाटणी दिसते. कोणी कोणाकडून घेतलं यावर वाद घालण्याची ही जागा नव्हे. मराठीच्या घडणीचा इतिहास लिहिणाऱ्या झ्यूल ब्लॉक यांच्या 1920 साली छापलेल्या फ्रेंच ग्रंथात या बदलाची चर्चा आहे.

या टप्प्यावर दोन्ही ‘च’ एकाच स्वनिमाची स्वनांतरं होती, अगदी ऋग्वेदातल्या ‘ड’ आणि ‘ळ’सारखी. पुढचा स्वर सांगितला की ‘च’ कुठला ते आपोआप ठरे. आजही मूळच्या मराठी शब्दांत ते दिसतं: ‘माझा’ दातांचा, ‘माझी’ टाळूचा, ‘त्याचा’ दातांचा, ‘त्याची’ टाळूचा. अशा भाषेला दुसऱ्या अक्षराची गरज नसते, म्हणून देवनागरीतला संस्कृतचा एकच ‘च’ पुरला. मोडीतही एकच.

गंमत अशी, की हाच बदल ‘स’च्या बाबतीत आपण बिनतक्रार लिहितो. ‘घसा’ पण ‘घशात’, ‘पैसा’ पण ‘पैशाला’, ‘म्हैस’ पण ‘म्हशी’. इथेही पुढच्या, किंवा पूर्वी तिथे असलेल्या, टाळूच्या ध्वनीमुळे ‘स’चा ‘श’ झाला. जिभेने केलेलं काम ‘माझा–माझी’तलंच आहे. फरक एवढाच, की ‘श’ हे अक्षर संस्कृतकडून आयतं मिळालं होतं, दंततालव्य ‘च’ला तसं मिळालं नाही. म्हणून एक बदल वहीत दिसतो आणि दुसरा लपतो. लेखनावरून ध्वनीचा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी नेमका इथे फसतो.

मग ही घडी विस्कटली कशी? बाहेरून आलेल्या शब्दांनी. पंडितांनी संस्कृत शब्द जसेच्या तसे घेतले आणि त्यांच्याबरोबर ‘अ’, ‘आ’पुढेही टाळूचाच ‘च’ आला. ‘चांदणं’ घरचं, म्हणून दातांचा ‘च’. ‘चंद्र’ संस्कृतातून उचललेला, म्हणून टाळूचा. ‘जण’ आणि ‘जन’ यांचंही तेच. सातारा जिल्ह्याच्या नकाशावरही हे थर दिसतात. जावळी आणि चाफळ ही नावं दातांपाशी उच्चारली जातात. अजिंक्यतारा टाळूपाशी, पण तिथे ‘ज’पुढे ‘इ’ आहे, तेव्हा नियम मोडलेला नाही. सज्जनगडमध्ये मात्र ‘ज्ज’पुढे ‘अ’ असूनही उच्चार टाळूचा, कारण ‘सज्जन’ संस्कृत. पुढे इंग्रजीने ‘चॉक’, ‘चार्जर’, ‘जॉब’ आणून त्यात भर घातली.

बाहेरचे शब्द पुरेसे जमले की नियम भाकित करू शकत नाही आणि जोड्या तयार होतात. ‘जग’ घ्या. टाळूच्या ‘ज’ने म्हटलं तर दुनिया, दातांच्या ‘ज’ने म्हटलं तर ‘जगणे’चं आज्ञार्थी रूप. ‘जरा’ टाळूने म्हटलं तर म्हातारपण, दातांनी म्हटलं तर थोडंसं. ‘चार’ टाळूने म्हटलं तर चारचा आकडा, दातांनी म्हटलं तर ‘गुरं चार’मधला. पुढचा स्वर सारखा, मागेपुढे काही वेगळं नाही, तरी शब्द दोन. त्रुबेत्स्कॉय यांच्या कसोटीने इथे दोन स्वनिम झाले. अक्षर मात्र पूर्वीचंच राहिलं. तीच तीच स्वनांतरं उसन्या शब्दांमुळे स्वनिम होण्याची ही वाट भाषांच्या इतिहासात बरीच वहिवाटीची आहे.

परीक्षेत इथे एक चूक हमखास होते. जोडी म्हणून ‘चारा’ आणि ‘चिरा’ लिहून देतात. या शब्दांत दोन ‘च’ खरोखर वेगळे आहेत, पण स्वरही वेगळा आहे, म्हणून काहीच सिद्ध होत नाही. जोडीत फरक एकाच जागी हवा. उलट ‘विषय’मधल्या ‘ष’साठी आणि ‘शेत’मधल्या ‘श’साठी अक्षरं दोन आहेत, पण रोजच्या बोलण्यात बहुतेक मराठी माणसं ती एकसारखीच म्हणतात, त्या बोलण्यापुरता स्वनिम एकच.

मराठी येणाऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही, म्हणूनच तो दिसत नाही. बाहेरून येणाऱ्याला तो पहिल्याच आठवड्यात नडतो. फलटणला येऊन स्थायिक झालेल्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी तिथल्याच बोलीवर पीएच.डी. केली आणि जाई निंबकर यांच्यासोबत इंग्रजीतून मराठीचं व्याकरण लिहिलं. ‘च’ दोन आहेत हे न सांगता परदेशी विद्यार्थ्याला ‘चार जण’ म्हणायला शिकवून पाहा. त्यात पहिलं अक्षर टाळूचं आणि ‘ज’ दातांचा आहे.

तरी ‘दोन स्वनिम’ हा शेवटचा शब्द समजू नये. जुन्या मोडी कागदांत चारचा आकडा अक्षरी लिहिताना ‘च्यार’ असं लेखन भेटतं. त्या कारकुनाने टाळूचा उच्चार दाखवायला नवं अक्षर शोधलं नाही, ‘य’ जोडला. तोच हिशेब मांडून म्हणता येईल, की मराठीत ‘च’ एकच, दातांचा. टाळूचा दिसतो तिथे पोटात ‘य’ धरायचा. स्वनिमांची संख्या कमी होते, पण ‘जग’ या साध्या शब्दात न ऐकू येणारा ‘य’ मानावा लागतो. चिनी भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांनी 1934 सालच्या निबंधात हेच दाखवलं, की एकाच भाषेची स्वनिम-मांडणी एकाहून अधिक रीतींनी बरोबर करता येते. मला स्वतःला दोन स्वनिमांची मांडणी पटते, कारण ‘जग’ आणि ‘जग’ यांतला फरक शाळेत न गेलेल्या माणसालाही ऐकू येतो, आणि ‘य’ त्याला कोणी सांगितलेला नसतो. पण उत्तरपत्रिकेत दुसरी मांडणी नीट उदाहरणांसह आली तर तिला मी पूर्ण गुण देईन.