थकवा मणक्याचा की मनाचा?

नैराश्य मोजायची जगभर वापरली जाणारी एक साधी प्रश्नावली आहे, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, उदास वाटलं का, झोप लागली का, थकवा, भूक, स्वतःबद्दलचं मत, एकाग्रता, हालचालीतला मंदपणा किंवा बेचैनी, आणि मरणाचे विचार, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी करतात. धडधाकट माणसासाठी हे ठीकच चालतं. मज्जारज्जूला इजा होऊन पाय गेलेल्या माणसासमोर तोच कागद ठेवला की पंचाईत होते, कारण नऊपैकी चार प्रश्न शरीराचे आहेत आणि त्याचं शरीर त्यांची उत्तरं आपल्या कारणांनी देतं.

चिपळूणजवळच्या गावातला चौतिशीचा एक तरुण समजा. आंबे काढताना झाडावरून पडला, छातीच्या भागातल्या दहाव्या मणक्याशी मज्जारज्जूला मार बसला, कमरेखालची हालचाल गेली. दोन वर्षं झाली. व्हीलचेअरवर स्वतः बसतो-उतरतो, दर चार-पाच तासांनी स्वतः कॅथेटर घालून लघवी काढतो. त्याची बेरीज येते १४. आता फोड करू या. झोपेला ३, कारण कॅथेटरसाठी आणि कूस बदलण्यासाठी रात्री दोनदा उठावंच लागतं. थकव्याला ३, कारण पाय आखडू नयेत म्हणून तो बॅक्लोफेन घेतो आणि त्या गोळीने गुंगी येते. भुकेला १, कारण चारचौघांत पोटाचा घोटाळा होऊ नये म्हणून तो मुद्दाम कमी जेवतो. मंदपणाला १. हे झाले ८. उरले ते रस नसण्याचे २, उदासीचे २ आणि ‘मी घरच्यांना ओझं झालोय’ याचे २. एकाग्रता आणि मरणाचे विचार, दोन्हींना शून्य.

तर मग शरीराचे ८ वजा करून ‘सहाच आहेत, काही नाही’ म्हणून त्याला घरी पाठवायचं का? नाही. पहिल्या दोन प्रश्नांची बेरीज चार होते आणि तेवढ्या दोघांवरच चाळणी लावायची झाली तरी तीन किंवा जास्त गुण आले की पुढे तपासतात. शिवाय रात्री दोनदा उठणं इजेमुळे असलं, तरी उठल्यावर पहाटेपर्यंत छताकडे बघत पडणं इजेमुळे असेलच असं नाही. एकाच झोपेत दोन्ही कारणं राहू शकतात. म्हणून आकडा कापण्यापेक्षा प्रत्येक उत्तरामागे ‘का’ विचारणं बरं. मला सगळ्यात उपयोगी वाटणारा प्रश्न असा: जमत नाही म्हणून सोडलंस, की जमत असून नको वाटतं? हा तरुण भावाच्या किराणा दुकानात बसायचा, तिथे उंबऱ्याला फळी टाकलेली आहे, तरी तीन महिने गेलेला नाही. मोबाइलवर कबड्डी बघायचा, तेही बंद. कबड्डी बघायला पाय लागत नाहीत. इथे नैराश्य दिसतं.

नवव्या प्रश्नाला मात्र ही सूट नाही. मरणाच्या विचारांना शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर ‘एवढं झाल्यावर असं वाटणारच’ म्हणून सोडून द्यायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं.

‘वाटणारच’ या शब्दानेच खरं तर सगळ्यात जास्त नुकसान होतं. मज्जारज्जूच्या इजेनंतर नैराश्य आढळण्याचं प्रमाण साधारण पाचांत एक आहे. सर्वसाधारण लोकांपेक्षा ते बरंच जास्त आहे, पण याचा अर्थ पाचांतल्या चौघांना ते नसतं. म्हणजे ते इजेचा अटळ भाग नाही, तो वेगळा आजार आहे आणि त्याला वेगळे उपचार आहेत.

चिंतेचंही असंच. बसमध्ये कपडे खराब होतील ही भीती भ्रम नाही, तसं कधीतरी झालेलं असतं. अशा वेळी ‘विचार बदला’ म्हणणारा समुपदेशक पहिल्याच भेटीत विश्वास गमावतो. आधी पोट साफ होण्याची वेळ ठरवून घ्यायची, ती दोन-तीन आठवडे जमली की मग पंधरा मिनिटांचा प्रवास, मग तालुक्यापर्यंत, असा क्रम चालतो. आणि इजा छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असेल तर एक धोका घरच्यांनाही माहीत हवा. अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम, छातीत धडधड हे पॅनिक अटॅकसारखं दिसतं, पण ते तुंबलेल्या मूत्राशयामुळे भडकलेलं ब्लड प्रेशर असू शकतं. या लोकांचं वरचं प्रेशर एरवीच ९० ते ११० असतं, त्यामुळे १४० बघून नवखा डॉक्टर ‘नॉर्मल’ म्हणू शकतो. आधी ताठ बसवायचं, घट्ट कपडे सैल करायचे, लघवीची नळी मुडपली आहे का ते बघायचं, आणि तरी उतरलं नाही तर थेट दवाखाना. श्वासाचे व्यायाम नंतर.

समुपदेशक शोधताना पहिला फोन पत्ता विचारण्यापुरता ठेवू नये. लिफ्ट आहे का, चाकाची खुर्ची संडासात जाते का, फोनवर किंवा व्हिडिओवर भेटता येईल का, हे विचारावं. सोबत आलेल्या आईला किंवा बायकोला अर्धा तास बाहेर बसवाल का, हेही विचारावं, कारण लैंगिक संबंध आणि ‘ओझं’ या दोन गोष्टी त्यांच्यासमोर निघत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक मागायला संकोच नको. मणक्याच्या रुग्णांचा अनुभव नसला तरी चालेल. जो दिवसाचं वेळापत्रक विचारतो आणि औषधांची यादी मागतो, तो शिकून घेतो. जो सोबत्याकडे बघून बोलतो किंवा पाय नसताना शिखर सर केलेल्यांच्या गोष्टी सांगतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. गावात कोणीच नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे पाठवतात.

मानसोपचारतज्ज्ञाने गोळी दिली तर मूत्राशयाची आणि बॅक्लोफेनची गोष्ट आपण होऊन सांगावी. अ‍ॅमिट्रिप्टिलिन नसांच्या दुखण्यालाही उपयोगी पडतं, पण त्याने लघवी तुंबते आणि बद्धकोष्ठ वाढतं. बॅक्लोफेन एकदम बंद करणं धोक्याचं, हे प्रत्येक डॉक्टरच्या ध्यानात असेलच असं नाही.

अमेरिकेत २०१५ साली मज्जारज्जूची इजा असलेल्यांवर व्हेनलाफॅक्सिन या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनी नेहमीच्या मापनश्रेणीवर औषध आणि खोट्या गोळीत ठळक फरक दिसला नाही. शरीराचे प्रश्न वगळून फक्त नैराश्याच्या गाभ्याची लक्षणं मोजली, तेव्हा दिसला.

आपल्या तरुणाला समुपदेशकाने पहिला नेम दिला तो दुकानात रोज वीस मिनिटं बसायचा, मन असो वा नसो, आणि घरी येऊन मनःस्थितीला दहापैकी गुण लिहायचे. आठ आठवड्यांनी पुन्हा प्रश्नावली भरली तर १४ चे ८ होणं ही चांगली प्रगती धरतात. त्या आठातले सहा शरीराचेच असतील, कारण कॅथेटरसाठी रात्री उठणं काही सुटलेलं नाही. पुढच्या भेटीत बोलायचं ते उरलेल्या दोनांबद्दल, आणि बॅक्लोफेनची रात्रीची मात्रा बदलता येते का याबद्दल.