‘पराभव’ नाम संवत्सराच्या हार्दिक शुभेच्छा! (चार ओळींच्या पोस्टमागची पार्श्वभूमी)

यंदा पाडव्याला, म्हणजे १९ मार्च २०२६ ला, आमच्या नौपाड्यातल्या पेढीची शुभेच्छा पोस्ट गेली आणि दहा मिनिटांत पहिला फोन आला, "अहो सराफ, नवीन वर्षाच्या दिवशी पराभव काय लिहिताय?" म्हटलं जरा सविस्तर सांगूनच टाकू.

पोस्ट एवढीच होती. वर ॥ श्री ॥, खाली "शालिवाहन शके १९४८, पराभव नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा", मग "आपणा सर्वांना नववर्ष सुखाचे, आरोग्याचे जावो" आणि पेढीचं नाव. भाव नाही, मजुरीत सूट नाही, फोन नंबरसुद्धा नाही.

ही दुसरी ओळ आली पंचांगवाचनातून. पाडव्याला सकाळी गुढी उभारली, कडुनिंबाची पानं, गूळ, ओवा, हिंग एकत्र वाटून ती चटणी तोंडात टाकली की गुरुजी नव्या पंचांगाची पूजा करून संवत्सरफल वाचायचे, आणि घरोघरी होतं तसंच आमच्या पेढीवरही व्हायचं. आजोबा मग रोजचा भाव लिहायचा फळा पुसून त्यावर खडूने शके आणि संवत्सराचं नाव लिहीत. वाचन होईपर्यंत भाव लिहायचा नाही, हा त्यांचा नियम. पुढे फळ्याचं पोस्टकार्ड झालं, मग एसेमेस, आता व्हॉट्सॲप, मजकूर मात्र तोच राहिला. पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, गिऱ्हाईक तसंही येणारच असतं, मग त्याला सकाळी सकाळी कशाला बोलवायचं, असं आजोबांचं साधं गणित.

आता नावाचं. संवत्सरं साठ, प्रभवपासून क्षयपर्यंत, आणि साठ झाली की परत पहिल्यापासून. आपल्याकडे नाव काढायची युक्ती सोपी आहे, शकात बारा मिळवायचे, साठने भागायचं, बाकी उरेल तो नंबर. १९४८ अधिक १२ म्हणजे १९६०, साठने भागून बाकी ४०, आणि चाळिसावं नाव पराभव. (बाकी शून्य आली तर साठावं, क्षय.) म्हणजे नाव हा निव्वळ क्रमांक आहे, भविष्य नाही. परवा परवाच, शके १९४६ ला, क्रोधी होतं, तेव्हा कोणी फोन केला नाही! अजून नऊ वर्षांनी राक्षस येणारे, तेव्हा काय करणार?

पण ही युक्ती नर्मदेच्या दक्षिणेकडची. उत्तरेत नाव गुरूच्या गतीवरून धरतात आणि त्या हिशोबात साधारण पंच्याऐंशी वर्षांनी एक नाव गळतं, त्यामुळे त्यांची मोजणी आपल्या पुढे गेलीये. मागच्या वर्षी डिझाइनवाल्या मुलाने एका हिंदी फॉरवर्डवरून "सिद्धार्थी" उचललं होतं, आपलं होतं विश्वावसु. शेजारी विक्रम संवत २०८२ लिहिलेलं दिसलं म्हणून काकांनी पकडलं, नाहीतर गेलंच होतं. शके आणि विक्रम संवत एकाच ओळीत दिसले की नाव परत तपासायचं, एवढं त्या मुलाला आता पाठ झालंय.

शेवटी पराभव ठेवायचं की गाळायचं यावर घरात दोन दिवस वाद. चुलतभावाचं म्हणणं, नुसतं "शके १९४८" लिहू, कोणाला कळतंय. तेव्हा काकांनी मागचा पराभव काढला. साठ वर्षांपूर्वीचा, शके १८८८, म्हणजे १९६६ चा पाडवा. सराफांना तो काळ विसरता येत नाही, कारण १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायलाच बंदी केली होती, बावीस कॅरेटवर हात बसलेले कितीतरी कारागीर घरी बसले, आणि ती चौदा कॅरेटची अट उठली ती त्याच १९६६ साली, पाडव्यानंतर. बाकीचं नियंत्रण पुढे १९९० पर्यंत राहिलं, ते वेगळं. "आपल्याला तो पराभव लाभलाय, गाळायचा नाही," काका म्हणाले. भाऊ गप्प. (नावाचा आणि कायद्याचा संबंध शून्य, हे काकांनाही ठाऊक आहे.)

वेळेचीही यंदा गंमत झाली. ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराकडच्या स्वागतयात्रेला लोक लवकर बाहेर पडतात, म्हणून आमची पोस्ट दरवर्षी सहालाच जाते. पण यंदा सूर्योदयाला अमावास्याच होती, प्रतिपदा लागली सातला काही मिनिटं कमी असताना आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधी संपलीही, म्हणजे क्षयतिथी. अमावास्येत "प्रतिपदा" लिहून पाठवायचं काकांना पटेना. मग सगळे गुढीपाशी मोबाईल धरून उभे, आणि सातच्या ठोक्याला पोस्ट गेली. तोवर निम्मे लोक यात्रेत पोचले होते, त्यांनी ती ढोल-ताशात उभं राहून वाचली, आणि तो पहिला फोन करणारे गृहस्थही तिथूनच बोलत होते, त्यामुळे माझं साठने भागणं त्यांना काही ऐकू गेलं नाही.